तोळा, गुंठा, बिघा: दस्ताच्या भाषांतरात जुनी मापं कशी हाताळायची

मालमत्तेच्या कागदांचं भाषांतर करायला नुकती सुरुवात केली होती तेव्हाची गोष्ट. एका मृत्युपत्रात भांड्यांच्या यादीत ‘चांदीचं तांब्या-भांडं, ४० रुपये भार’ अशी ओळ होती. मी इंग्रजीत ‘चाळीस रुपये किमतीचं तांब्या-भांडं’ असं उतरवून मोकळा झालो. मसुदा तपासणाऱ्या वकीलबाईंनी त्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, “हे वजन आहे की किंमत?” ते वजन होतं. जुना चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा असायचा, म्हणून रुपयालाच वजन धरून चांदी तोलायची पद्धत होती. चाळीस रुपये भार म्हणजे चाळीस तोळे, म्हणजे सुमारे ४६७ ग्रॅम. अर्धा किलोच्या आसपास चांदी मी चाळीस रुपयांत काढली होती.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. गुणाकार सगळ्यात शेवटी करायचा. आधी हे ठरवायचं, की या कागदात, या वर्षी, या गावी त्या शब्दाचा अर्थ काय होता. गुणक इंटरनेटवर कुठेही मिळतो. मात्र गुंठ्याचा गुणक कशाला लावायचा आणि कशाला नाही, ते तिथे लिहिलेलं नसतं. नव्याने हे काम करणाऱ्यांसाठी माझी पद्धत क्रमाने सांगतो.

आधी मापांची वेगळी यादी करा

भाषांतराला हात लावण्यापूर्वी संपूर्ण दस्त एकदा फक्त मापांसाठी वाचा. जिथे जिथे संख्या आणि माप आहे ती ओळ जशीच्या तशी वेगळ्या कागदावर उतरवा. तिच्यातली टिंबं, आडव्या रेघा, अपूर्णांक, सगळं तसंच येऊ द्या. शेजारी दस्ताची तारीख, तालुका, आणि त्याच मापाचा दुसरीकडे कुठे उल्लेख असेल तर तोही लिहा. अक्षरी लिहिलेलं क्षेत्र आणि आकड्यातलं क्षेत्र दोन्ही टिपा, कारण जुन्या खरेदीखतांत ते कधीकधी जुळत नाहीत आणि तो फरक तुम्हाला भाषांतरात तसाच ठेवायचा असतो.

ही यादी करताना एक खूण लगेच दिसते. माप दशमान आहे की नाही ते संख्येच्या चेहऱ्यावरूनच कळतं. एकरात चाळीस गुंठे, गुंठ्यात सोळा आणे. तोळ्यात बारा मासे, माशात आठ गुंजा. म्हणजे गुंठ्यांच्या जागी ३९ च्या वर आकडा येणार नाही, आण्यांच्या जागी १५ च्या वर नाही, माशांच्या जागी ११ च्या वर नाही, गुंजांच्या जागी ७ च्या वर नाही. आला तर तुम्ही माप चुकीचं ओळखलं आहे, किंवा लिहिणाऱ्याने चूक केली आहे.

टिंबाने केलेला घोळ

या कामात सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे ‘१.२७’ ही संख्या. जुन्या सातबारावर किंवा खरेदीखतात क्षेत्र ‘१-२७’ किंवा ‘१.२७’ असं लिहिलेलं असतं आणि वर रकान्यात ‘एकर-गुंठे’ असतं. याचा अर्थ एक एकर सत्तावीस गुंठे. नवखा माणूस त्याला १.२७ एकर समजतो. एक एकर सत्तावीस गुंठे म्हणजे ६७ गुंठे, म्हणजे ६,७७८ चौरस मीटर. १.२७ एकर म्हणजे ५,१४० चौरस मीटर. एका टिंबामुळे सोळा गुंठे जमीन गेली.

गंमत अशी, की हेच टिंब हेक्टरमध्ये आलं तर काही बिघडत नाही. हेक्टरमध्ये शंभर आर, आणि एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. म्हणून ‘१.२७’ हे एक हेक्टर सत्तावीस आर वाचा किंवा १.२७ हेक्टर वाचा, उत्तर एकच. सातबारावर ‘१.२७.५०’ असेल तर एक हेक्टर, सत्तावीस आर, पन्नास चौरस मीटर. तेव्हा टिंब दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा: रकान्याच्या डोक्यावर काय आहे? डोकं फाटलं असेल तर टिंबानंतरचा आकडा पाहा. पानावर कुठेही तो ४० किंवा त्याहून मोठा आला, तर ते एकर-गुंठे नाहीत. सगळे आकडे चाळिसाच्या आत असले तर मात्र अजून काही सिद्ध झालेलं नाही. मग दस्ताचं वर्ष बघावं लागतं, आणि त्याच गटाचा दुसरा उतारा मागवावा लागतो.

गुंठा आणि आर हे भाऊ आहेत, जुळे नाहीत

मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी ३३ फुटांची होती. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असा चौकोन म्हणजे गुंठा. त्यामुळे १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर बरोबर १०० चौरस मीटरचा. फरक एक टक्क्याहून जरासा जास्त, म्हणून गावात बोलताना ‘चाळीस आर’ला ‘चाळीस गुंठे’ म्हणतात आणि व्यवहार चालून जातो. बोलण्यात चालतं. भाषांतरात चालत नाही, कारण तुमचा कागद वाचणारा परदेशातला माणूस किंवा बँकेचा अधिकारी त्याच आकड्याला धरून बसतो.

एक दस्त पूर्ण करून दाखवतो. पुणे जिल्ह्यातलं १९५४ सालचं खरेदीखत आहे असं धरा. मजकूर असा:

‘सर्व्हे नंबर अमुक, एकूण क्षेत्र ३ एकर २७ गुंठे ८ आणे, आकार रु. ४-६-०, यापैकी माझा आठ आणे हिस्सा.’

या एका ओळीत आणे तीन ठिकाणी आहेत आणि तिन्ही ठिकाणी त्यांचा अर्थ वेगळा आहे. पहिले आठ आणे क्षेत्राचे, म्हणजे अर्धा गुंठा. ‘४-६-०’ मधले सहा आणे पैशांचे. आकार म्हणजे शेतसारा, आणि तो रुपये-आणे-पैमध्ये आहे, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. शेवटचे आठ आणे हिश्शाचे: संपूर्ण मिळकत सोळा आणे मानली तर त्यातले आठ, म्हणजे निम्मा. तिन्ही जागी एकच इंग्रजी शब्द लावून पुढे गेलात तर वाचणाऱ्याला काहीही कळणार नाही. भूमी अभिलेखाकडच्या जुन्या टिपणात आण्याचा आणखी चौथा अर्थ भेटतो, तिथे तो लांबीचा असतो: साखळीचा सोळावा भाग, दोन फुटांहून किंचित मोठा.

आता हिशेब. ३ एकर म्हणजे १२० गुंठे, त्यात २७ मिळवले, आणि आठ आण्यांचा अर्धा. एकूण १४७.५ गुंठे. याला १०१.१७१४ ने गुणलं की १४,९२२.७८ चौरस मीटर येतात, म्हणजे १ हेक्टर ४९ आर २३ चौरस मीटर. कुणी गुंठ्यालाच आर समजून १ हेक्टर ४७.५ आर लिहिलं असतं, तर १७३ चौरस मीटर जमीन कमी झाली असती. चौरस फुटांत साडेअठराशेहून जास्त, त्यात एक टुमदार घर बसतं.

अशा ओळी बऱ्याच असतील तर स्प्रेडशीटमध्ये एकर, गुंठे, आणे असे तीन रकाने करा. पुढच्या रकान्यात हे सूत्र घाला म्हणजे टिंबाचा घोळ होण्याची सोयच राहत नाही:

```
=(A2*40+B2+C2/16)*101.17141056
```

उत्तर किती दशांशापर्यंत द्यायचं? मूळ दस्तातलं सगळ्यात लहान माप आणा आहे आणि एक आणा म्हणजे सहा चौरस मीटरहून थोडं जास्त. अशा मापावरून १४,९२२.७८३ असं लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं आहे. पूर्ण चौरस मीटरवर आणा: १४,९२३. आणि ओळीओळीचं रूपांतर करून मग बेरीज करू नका. आधी जुन्या मापातच बेरीज करा आणि एकदाच रूपांतर करा, नाहीतर प्रत्येक ओळीची कसर साचत जाते आणि एकूण क्षेत्र जुळत नाही.

आठ आणे हिश्शाचं क्षेत्र मी काढत नाही. निम्मं करायला पाच सेकंद लागतात, ७,४६१ चौरस मीटर. पण दस्तात तेवढा तुकडा मोजून दिलेला नाही, फक्त हिस्सा दिला आहे. टीपेत ‘सोळापैकी आठ आणे, म्हणजे निम्मा हिस्सा’ एवढंच लिहावं. क्षेत्र लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटतं की जागेवर तेवढी हद्द आखलेली आहे.

तोळा: कोणता तोळा?

सोन्याच्या कागदात अडचण गुणकापाशी नाहीच. ‘तोळा’ या शब्दालाच आज दोन वजनं चिकटली आहेत. १८३३ साली ठरलेला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६३८ ग्रॅम. आणि सराफाच्या काउंटरवर आज आपण म्हणतो तो तोळा म्हणजे दहा ग्रॅम. मेट्रिक वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, सोन्याचा भाव दहा ग्रॅमला सांगायची रीत पडली, आणि जुना शब्द नव्या वजनावर जाऊन बसला. हा बदल एका रात्रीत झालेला नाही. त्यामुळे १९६० ते १९९० च्या दरम्यानच्या कागदात तोळा दिसला की मी हात आखडता घेतो.

कसं ओळखायचं? सगळ्यात भक्कम पुरावा त्या कागदातच असतो. मासे आणि गुंजा लिहिल्या असतील तर तो जुना तोळा. दहा ग्रॅमच्या तोळ्याला कुणी बारा माशांत मोजत नाही. पावतीवर ग्रॅमचा रकाना असेल तर प्रश्नच मिटला, ग्रॅम लिहा आणि तोळ्याचं रूपांतर करूच नका. भाव आणि एकूण रक्कम दिली असेल तर भागाकार करून बघा: सोन्याच्या रकमेला भावाने भागलं की किती तोळे धरले ते कळतं, आणि तो भाव कशाला होता हे पावतीच्या वरच्या भागात बहुधा छापलेलं असतं. मजुरी वेगळी काढायला विसरू नका. ती त्यात राहिली तर भागाकार फसतो आणि तुम्ही उगाच नसलेल्या तोळ्याच्या शोधात जाता.

१९५१ सालच्या वाटणीपत्रातल्या दागिन्यांच्या यादीचा नमुना घ्या. पाटल्यांचा जोड ४ तोळे. मोहनमाळ ३ तोळे ४ मासे. एकदाणी १ तोळा ९ मासे ४ गुंजा. इथेही टिंबासारखाच सापळा आहे: तीन तोळे चार मासे म्हणजे ३.४ तोळे नव्हे, तीन पूर्णांक एक तृतीयांश तोळे. आधी जुन्या मापात बेरीज करू. चार गुंजा तशाच राहिल्या. चार आणि नऊ मासे मिळून तेरा, म्हणजे एक तोळा एक मासा. चार, तीन, एक आणि हातचा एक मिळून नऊ तोळे. एकूण ९ तोळे १ मासा ४ गुंजा. चार गुंजा म्हणजे अर्धा मासा, दीड मासा म्हणजे तोळ्याचा आठवा भाग, म्हणून ९.१२५ तोळे. जुन्या तोळ्याने १०६.४३ ग्रॅम. दहा ग्रॅमचा तोळा धरला असता तर ९१.२५ ग्रॅम आले असते. पंधरा ग्रॅमचा फरक, आणि वाटणीच्या दाव्यात पंधरा ग्रॅमवरून भावंडं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

यासाठीचं सूत्र, रकाने तोळे, मासे, गुंजा असे धरून:

```
=(A2+B2/12+C2/96)*11.6638038
```

आता अवघड प्रकार. १९८४ सालच्या मृत्युपत्रात आजी लिहून जाते, ‘माझ्या गोठांचा जोड, अंदाजे पाच तोळे, धाकट्या सुनेला.’ मासे नाहीत, ग्रॅम नाहीत, भाव नाही. हे पाच तोळे कोणते? लग्नात मिळालेल्या गोठांचं वजन आजीच्या मनात जुन्या तोळ्यातच असण्याची शक्यता मोठी. पण शक्यता म्हणजे पुरावा नाही. इथे मी मजकुरात ‘अंदाजे पाच तोळे’ एवढंच ठेवतो आणि टीपेत लिहितो की दस्तात तोळ्याची व्याख्या नाही. पारंपरिक तोळ्याने सुमारे ५८ ग्रॅम, दहा ग्रॅमच्या तोळ्याने ५० ग्रॅम. ज्याला नक्की हवं असेल त्याने गोठ काट्यावर ठेवून सराफाकडून वजनाची पावती घ्यावी, आणि ती पावती स्वतंत्र कागद म्हणून जोडावी. तिचा आकडा मृत्युपत्राच्या भाषांतरात घुसवायचा नाही. ‘अंदाजे’ हा शब्दही गळू देऊ नका. तो आजीचा आहे.

दागिन्यांबद्दल आणखी दोन गोष्टी. वजन नगाचं आहे की निव्वळ सोन्याचं, हे दस्त सांगेल तेवढंच सांगा. कोल्हापुरी साजाच्या मण्यांत लाख असते, ठुशी गोंड्यात गुंफलेली असते, तन्मणीत मोती असतात. ते वजा करणं तुमचं काम नाही. आणि ‘कॅरेट’ हा शब्द मराठीत आपण शुद्धतेलाही वापरतो, हिऱ्याच्या वजनालाही. अमेरिकी इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं असतं: शुद्धतेचा शब्द ‘के’ने लिहिण्याची रीत, वजनाचा ‘सी’ने. ‘२२ कॅरेटच्या बांगड्या’ आणि ‘अर्ध्या कॅरेटची कुडी’ एकाच यादीत आल्या तर दोन्ही जागी सारखं स्पेलिंग राहिलं नाही ना, ते तपासा. हिऱ्याचं एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ते जगभर तसंच आहे, त्याला रूपांतर नको.

बिघा दिसला की थांबा

गुंठ्याला एकच अर्थ, तोळ्याला दोन, आणि बिघ्याला जितकी गावं तितके. पश्चिम बंगालात आणि आसामात बिघा १४,४०० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १,३३८ चौरस मीटर. राजस्थानात दोन बिघे चालतात: १३२ फूट बाजूचा आणि १६५ फूट बाजूचा. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला बरोबर १६ गुंठ्यांचा (१,६१९ चौरस मीटर) आणि दुसरा बरोबर २५ गुंठ्यांचा (२,५२९ चौरस मीटर). उत्तर प्रदेशातला पक्का बिघा हा दुसऱ्यासारखाच २५ गुंठ्यांचा, पण कच्चा बिघा त्याहून बराच लहान. गुजरातेत तर तालुक्यागणिक आकडा बदलतो. नेपाळमधला बिघा पावणेसात हजार चौरस मीटरचा आहे. तेव्हा ‘एक बिघा म्हणजे किती?’ हा प्रश्न गावाचं नाव घेतल्याशिवाय विचारूच नये.

माझ्याकडे आलेल्या एका कामाच्या धर्तीवर उदाहरण देतो, आकडे माझे. जालन्यात तीन पिढ्या स्थायिक झालेलं एक मारवाडी घराणं. आजोबांची राजस्थानातली जमीन विकायची आहे, नातू बाहेरगावी, आणि हातात जुना विक्रीपत्राचा कागद: ‘४ बीघा १० बिस्वा’. बिघ्यात वीस बिस्वे, म्हणून साडेचार बिघे. पण कोणते? सोळा गुंठ्यांचे धरले तर ७,२८४ चौरस मीटर, पंचवीस गुंठ्यांचे धरले तर ११,३८२. अर्ध्याहून जास्त फरक. कागदाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी उत्तर तिथे सापडणार नाही.

ते सापडतं आजच्या महसुली नोंदीत. राजस्थानात आपल्या सातबारासारखी जमाबंदी असते आणि तिच्यात क्षेत्र हेक्टरमध्ये मिळतं. त्याच खसरा नंबराची, म्हणजे तिथल्या गट नंबराची, जमाबंदी नातवाकडून मागवली आणि तिथे १.१३८२ हेक्टर दिसलं. ११,३८२ चौरस मीटर, म्हणजे १६५ फुटी बिघा. ताळा पक्का झाला, कारण उत्तर दुसऱ्या पर्यायाच्या जवळपासही नाही. हाच ताळा उलटाही उपयोगी पडतो: जमाबंदीतला आकडा दोन्हीपैकी कशालाच जुळला नाही, तर जमिनीची मधल्या काळात फाळणी झाली आहे किंवा खसरा नंबर बदलला आहे. तसं झालं तर बिघा ओळखण्यासाठी त्या नोंदीचा आधार घेता येत नाही. चतुःसीमेच्या लांब्या फुटांत किंवा गजांत दिल्या असतील तर त्यांवरून क्षेत्रफळ काढून बघावं. तेही नसेल तर मूळ शब्द ठेवावा आणि टीपेत ‘दस्तात बिघ्याचं परिमाण दिलेलं नाही’ एवढं लिहून सोडावं.

पेशवाईतल्या मोडी कागदांतला बिघा आणखी निराळा. तिथे वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, आणि वर चाहूर अशी चढण आहे, आणि सगळं काठीच्या लांबीवर टेकलेलं, जी हातांनी आणि मुठींनी सांगितलेली असते. कुणाचा हात? अशा कागदाला मी रूपांतर देत नाही. मोडी वाचून देणाऱ्यांकडून लिप्यंतर घ्यावं, मापं तशीच ठेवावीत, आणि त्या जमिनीचं क्षेत्र कुणी मागितलं तर भूमी अभिलेख कार्यालयातून आकारबंदाची, म्हणजे सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि आकाराच्या नोंदीची, प्रत काढायला सांगावं.

आकडा कुठे लिहायचा

भाषांतराच्या मजकुरात दस्ताने जे म्हटलं तेच राहतं. ‘३ एकर २७ गुंठे ८ आणे’ हे शब्द जागेवर हवेतच, मूळ मापाचा उच्चार भाषांतराच्या लिपीत लिहून, आणि पूर्ण कागदभर त्याचं एकच स्पेलिंग. गुंठ्याचं इंग्रजी स्पेलिंग सरकारी कागदांतच दोन-तीन तऱ्हांनी दिसतं. एक निवडा आणि तेच चालवा. रूपांतर चौकोनी कंसात किंवा तळटीपेत, आणि ते अनुवादकाचं आहे हे स्पष्ट लिहून. मी वापरतो तो साचा असा:

[अनुवादकाची टीप: १ एकर = ४० गुंठे, १ गुंठा = १६ आणे, १ गुंठा = १०१.१७ चौ.मी. या हिशेबाने सुमारे १४,९२३ चौ.मी. रूपांतर केवळ वाचकाच्या सोयीसाठी. मूळ दस्तातील माप ग्राह्य.]

यात गुणक लिहिलेला आहे हे महत्त्वाचं. उद्या कुणाला तुमचा आकडा पटला नाही तर तो गुणाकार स्वतः करून बघू शकतो. नुसतं ‘१४,९२३ चौ.मी.’ लिहिलंत तर वाद तुमच्यावर येतो.

मूळ दस्तातच बेरीज चुकली असेल तर? सुधारू नका. यादीतल्या दागिन्यांची बेरीज नऊ तोळे येते आणि दस्त साडेनऊ म्हणतो, तर साडेनऊच लिहा आणि टीपेत ‘मूळात असेच’ असं नोंदवा. दस्त चुकीचा असला तरी नोंदणी त्याच चुकीसकट झाली आहे.

यावरून ग्राहकांशी बोलणं होतंच. त्या १९५४ च्या खरेदीखताच्या जागी आजचा सातबारा १ हेक्टर ४९ आर दाखवतो, टीपेत १ हेक्टर ४९ आर २३ चौरस मीटर आहे, आणि फोनवर मुलगा म्हणतो, “काका, दोन्ही सारखं करून द्या ना, तिकडचे लोक विचारतील.” मी त्याला सांगतो की एकर-गुंठ्यांवरून हेक्टरवर येताना आकडा आरपर्यंत आणला तर एवढा फरक पडू शकतो. हे स्पष्टीकरण त्याच्या वकिलाने पत्रात द्यावं, भाषांतरकाराने आकड्यात नव्हे. मग विचारतो, की हद्दीवरून खरोखर भांडण आहे का. असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकायला लावतो. मोजणी झाली की नकाशाची ‘क’ प्रत आणायला सांगतो आणि तिचं भाषांतर वेगळ्या पानावर, वेगळ्या तारखेने, करून देतो.